दोन मुलाखती, एक कंपनी : नेमकं कोणत्या पदासाठी?

भाच्याचा हिंगणघाटहून फोन आला. सूतगिरणीत मुलाखतीला गेला होता. अर्ज केला होता प्रयोगशाळेतल्या ज्युनिअर टेक्निशियनच्या जागेसाठी. सकाळी प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी तासभर प्रश्न विचारले. तो निघायच्या बेतात असताना एचआरच्या बाईंनी थांबवलं आणि दुपारी कापूस खरेदी विभागाच्या साहेबांसमोर बसवलं. तिथं पुन्हा मुलाखत झाली. शेवटी दोन्हीकडून एकच उत्तर मिळालं : ‘कळवतो.’ आता त्याचा प्रश्न असा की, मामा, माझा विचार कोणत्या जागेसाठी चाललाय हे विचारलं तर वाईट दिसेल का? उतावळा वाटेन का?

माझी नोकरी गिरणीच्या पर्सनल खात्यात झाली. हा प्रश्न मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने ऐकलेला आहे. म्हणून आधी उत्तर देतो : विचार, वाईट दिसत नाही. पण काय विचारायचं, कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत, हे बघून विचार. भाच्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो आहे, कारण वर्धा जिल्ह्यातल्या जिनिंग, सूतगिरण्या, तेलगिरण्या आणि देवळीच्या एमआयडीसीतले कारखाने यांच्या दारात उभ्या असलेल्या पुष्कळ पोरापोरींवर ही वेळ येते.

आधी हे समजून घे की एकाच माणसाच्या दोन मुलाखती होतात कशा. सूतगिरणीत याला साधं कारण आहे. प्रयोगशाळा आणि खरेदी विभाग एकाच कापसाकडे दोन बाजूंनी पाहतात. खरेदीवाला माणूस बाजार समितीच्या आवारात नाही तर जिनिंगमध्ये जाऊन नमुना काढतो, तंतू हाताने ओढून लांबी पाहतो, ओलावा आणि कचरा पाहतो. तोच नमुना गिरणीत येतो आणि प्रयोगशाळेतलं मशीन त्याची लांबी, ताकद, मायक्रोनेअर, रंग आणि कचरा आकड्यांत सांगतं. मायक्रोनेअर म्हणजे तंतू किती बारीक आणि किती पक्व, त्याचा अंदाज देणारा आकडा. हा आकडा ज्याला वाचता येतो तो पोरगा दोन्ही खात्यांना उपयोगी. म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुखाला तू बरा वाटलास की तो खरेदीच्या साहेबाला निरोप देतो : एक पोरगा आलाय, पाहून घ्या. कधी उलटंही होतं. प्रयोगशाळेला तू नको असतोस, पण एचआरला वाटतं की आलेला माणूस रिकामा कशाला पाठवायचा, तिकडे दाखवू.

बाहेरून दोन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसतात. आतून मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. कारखान्यात कोणतीही जागा भरायची तर त्या खात्याचा प्रमुख मागणीपत्र देतो, त्याला रिक्विझिशन म्हणतात. त्यावर पदाचं नाव, श्रेणी, पगाराची हद्द, जागा नवी की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी, कायम की हंगामी, हे लिहिलेलं असतं आणि वर व्यवस्थापकाची सही असते. दोन पदं म्हणजे दोन मागणीपत्रं, दोन प्रमुख, दोन वेगळे पगार. तुझ्या नावाचा अर्ज एकच असला तरी मुलाखतीनंतरचे शेरे दोन कागदांवर जातात. तू घरी परत आलास तेव्हा तीनपैकी एक गोष्ट झालेली असते. दोन्ही कागद उघडे आहेत आणि दोन्हींवर तुझं नाव आहे. किंवा पहिला कागद तुझ्यापुरता बंद झाला आणि आता फक्त दुसरा चालू आहे. किंवा दुसऱ्या खात्याची जागा अजून मंजूरच झालेली नाही, साहेबांनी नुसता माणूस पाहून ठेवला. या तिसऱ्या प्रकाराची पोरांना कल्पनाच नसते, आणि महिना-महिना वाट पाहण्यात जातो तो याच प्रकारात.

यातलं काय झालं याचा अंदाज दुसऱ्या मुलाखतीतल्या प्रश्नांवरून थोडा लागतो. भाच्याला मी विचारलं, खरेदीच्या साहेबांनी काय काय विचारलं? तो म्हणाला, मोटारसायकल आहे का, लायसन्स आहे का, आर्वी-पुलगावकडे चार-चार दिवस राहावं लागलं तर जमेल का, ओला कापूस हाताला कसा ओळखशील, आणि ऑक्टोबरच्या आधी येऊ शकशील का. हे प्रश्न माणूस पाहून ठेवण्याचे नाहीत. ज्याला दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस यायच्या आत हाताशी माणूस हवा आहे, त्याचे आहेत. राहण्याची, गाडीची, रुजू होण्याच्या तारखेची चौकशी झाली म्हणजे जागा खरी आहे असं धरायला हरकत नाही. उलट नुसतं शिक्षण, गाव, घरी शेती किती, असं बोलून दहा मिनिटांत चहा देऊन पाठवलं, तर तो कागद बहुतेक अजून निघालेला नाही. पण हा झाला अंदाज, आणि अंदाजावर दुसरीकडची नोकरी सोडू नये, नाकारूही नये. म्हणून विचारायचं.

विचारण्याआधी एक काम कर, मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळीच. वहीच्या एका पानावर दोन रकाने आखून घे. प्रत्येक रकान्यात त्या पदाचं नाव लिही, तेही जाहिरातीत किंवा एचआरच्या मेलमध्ये जसं आलं होतं तसंच. ‘लॅबची जागा’ असं लिहू नकोस, कारण एकाच प्रयोगशाळेत टेक्निशियन, ज्युनिअर टेक्निशियन आणि शिकाऊ उमेदवार अशा तीन जागा असू शकतात. मेलमध्ये जाहिरात क्रमांक किंवा जागेचा क्रमांक असेल तर तो उतरव. मुलाखत कोणी घेतली, त्यांचं पद काय, पगाराचा आकडा कोणाच्या तोंडून निघाला, पाळीबद्दल काय बोलणं झालं, तू स्वतः काय कबूल केलंस, हे लिही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. सकाळी प्रयोगशाळेत तू म्हणालास की रात्रपाळी चालेल, आणि दुपारी खरेदीत म्हणालास की फिरती चालेल. दोन्ही खरं असेल, पण कोणत्या कबुलीचा कोणत्या पदाशी संबंध, हे चार दिवसांनी तुझ्याच डोक्यात राहत नाही. एचआरचा फोन आल्यावर मग माणूस गोंधळतो आणि एका पदाच्या अटी दुसऱ्या पदासाठी मान्य करून बसतो.

आता कोणाला विचारायचं? एचआरच्या त्या बाईंना, ज्यांनी तुला थांबवलं होतं. फक्त त्यांनाच. प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा नंबर तुझ्याकडे आहे, खरेदीच्या साहेबांनी तर कार्डही दिलंय, तरी त्यांना वेगवेगळं विचारू नकोस. कारण असं : दोन्ही प्रमुखांना तू हवा असशील तर त्यांच्यात आत बोलणी चालू असतात. तू प्रयोगशाळेला विचारलंस की साहेब, माझं तुमच्याकडे होणार का, तर ते खरेदीला सांगतात, पोरगा आमच्याकडे यायचं म्हणतोय. तू तसं म्हणाला नव्हतास, पण निरोप तसाच जातो. एचआरकडे दोन्ही कागद असतात, म्हणून उत्तर देण्याचा अधिकारही तिथंच असतो. गिरणीत तुझा कोणी ओळखीचा असेल, टाइम ऑफिसला कोणी गावचा माणूस असेल, तर त्याच्याकडून आतली बातमी काढण्याचा मोह होईल. ती बातमी ऐकून घे, पण तिच्यावर काही ठरवू नकोस. टाइम ऑफिसला हजेरी कळते, नेमणुकीचं त्यांना शेवटी कळतं.

केव्हा? सगळ्यात चांगली वेळ म्हणजे दुसरी मुलाखत संपल्यावर, गेटपास परत करण्याआधी, एचआरच्या टेबलापाशी. तेव्हा तोंडी विचारता येतं : मॅडम, आज माझ्या दोन मुलाखती झाल्या, पुढे माझं नाव कोणत्या जागेसाठी जाईल? ती संधी भाच्याने घालवली, त्यात विशेष काही नाही, बहुतेकांची जाते. मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मेल करायचा. त्याच दिवशी रात्री केला तर शेरे अजून एचआरकडे पोचलेले नसतात, आणि ‘कळवतो’ हेच उत्तर पुन्हा येतं. दोन आठवडे थांबलास तर निर्णय होऊन गेलेला असतो. एचआरने स्वतः तारीख दिली असेल, समजा ‘पुढच्या शुक्रवारपर्यंत’, तर निकालासाठी त्या तारखेपर्यंत थांबावं. पण पदाचा प्रश्न हा निकालाचा प्रश्न नाही, तो आधीही विचारता येतो.

इथेच मुद्द्याची गोष्ट आहे. पोरं विचारतात : माझं सिलेक्शन झालं का? याचं उत्तर देणं एचआरला अवघड असतं, म्हणून ते टाळतात. ‘कोणत्या पदासाठी विचार चालू आहे’ याचं उत्तर मात्र देता येण्यासारखं असतं, कारण त्यात कोणतंही वचन नाही. आणि प्रश्न उघडा ठेवायचा. ‘माझा विचार लॅबसाठीच चालू आहे ना?’ असं विचारलंस तर गडबडीतला माणूस ‘हो हो’ म्हणून मोकळा होतो, आणि ते ‘हो’ काही कामाचं नसतं. म्हणून दोन्ही पदांची नावं घ्यायची आणि ‘की दोन्हींसाठी’ हे तिसरं दारही आपणच उघडं ठेवायचं.

भाच्याला मी जो मेल लिहून दिला तो असा :

‘विषय : 12 सप्टेंबरची मुलाखत – ज्युनिअर टेक्निशियन (प्रयोगशाळा) आणि सहायक (कापूस खरेदी) – पदाबाबत विचारणा

आदरणीय मॅडम,

12 सप्टेंबरला आपल्याकडे माझी दोन पदांसाठी मुलाखत झाली : सकाळी ज्युनिअर टेक्निशियन, प्रयोगशाळा, आणि दुपारी सहायक, कापूस खरेदी विभाग. दोन्ही विभागांनी वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. सध्या माझा विचार यांपैकी कोणत्या पदासाठी चालू आहे, की दोन्हींसाठी, हे कृपया कळवावे. त्या पदाची नेमणूक कायम आहे की हंगामी, आणि ती कंपनीमार्फत आहे की कंत्राटदारामार्फत, हेही कळल्यास मला पुढची तयारी करता येईल.

आपला नम्र,’

आणि खाली नाव, मोबाईल नंबर, शिक्षण. एवढंच. कंपनीचे मेल इंग्रजीत येत असतील तर हीच वाक्यं इंग्रजीत लिही, जास्त सजवू नकोस. व्हॉट्सअॅपवर बोलणं झालं असेल तर तिथं पाठवायला हरकत नाही, पण मेलही कर. मुलाखतीसाठी बोलावणारा जो मेल आला होता, त्यालाच उत्तर म्हणून पाठव, म्हणजे मागचा सगळा संदर्भ खाली राहतो आणि मॅडमना शोधाशोध करावी लागत नाही. विषयाच्या ओळीत दोन्ही पदांची नावं का घातली? कारण त्या आठवड्यात त्यांच्याकडे पाच-पन्नास उमेदवार येऊन गेलेले असतात, आणि ‘मुलाखतीबाबत’ एवढाच विषय असलेला मेल उघडल्याशिवाय कळत नाही.

भाच्याला या मेलमध्ये आपली पसंतीही लिहायची होती. मी नको म्हटलं. यावर दोन मतं असू शकतात, पण माझं मत पक्कं आहे : आपण होऊन पहिल्या मेलमध्ये पसंती सांगू नये. एमपीएससीच्या भरतीत उमेदवाराकडून पदांचा पसंतीक्रम भरून घेतात आणि गुणवत्ता व तो क्रम पाहून पद मिळतं. तिथं पसंती लिहिणं हे तुझं हत्यार आहे, कारण पुढचा नियम सगळ्यांना सारखा आहे. खासगी कंपनीत असा नियम नसतो. तू लिहिलंस की मला प्रयोगशाळा आवडेल, आणि प्रयोगशाळेचा कागद तुझ्यापुरता बंद झालेला असेल, तर खरेदीवाले म्हणतात, याचं मन इकडे नाही, हंगामाच्या मध्यावर सोडून जाईल. जे दार उघडं होतं तेही तूच लावून घेतलंस. आधी कोणती दारं उघडी आहेत ते कळू दे.

त्यांनी विचारलं तर मात्र चाचरू नकोस. ‘कोणतंही चालेल’ हे उत्तर पोरांना नम्रतेचं वाटतं, पण मुलाखत घेणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की याने दोन्ही कामांचा विचार केलेला नाही. क्रम सांग, कामातलं कारण सांग, आणि दुसरं पद मिळालं तर घेशील की नाही तेही सांग. भाच्याचं खरं उत्तर असं होतं : पहिली पसंती प्रयोगशाळा, कारण डिप्लोमाच्या प्रोजेक्टमध्ये सुताचा काउंट आणि ताकद तपासण्याचं काम केलं आहे, खरेदीचं कामही घेईन, पण ते हंगामी असेल तर हंगामानंतर काय, हे आधी कळायला हवं. हे उत्तर कुठेही देता येतं. यात कोणाचा अपमान नाही आणि खोटंही काही नाही.

आता मेलच्या शेवटच्या वाक्याकडे वळतो. कायम की हंगामी, कंपनी की कंत्राटदार. नुसतं पदाचं नाव कळून भागत नाही, असं माझं म्हणणं आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तर अजिबात भागत नाही. हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या काळात लिव्हरपूलच्या बाजारात नावाने ओळखला जायचा, आणि आजही इथला बराच रोजगार कापसाच्या हंगामावर उभा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापूस यायला लागतो, मार्च-एप्रिलपर्यंत आवक ओसरते. गिरणी बारा महिने तीन पाळ्यांत चालते, म्हणून प्रयोगशाळेची जागा बहुतेक बारमाही असते. खरेदीचा मदतनीस मात्र हंगामापुरता लागतो.

भाच्याच्या बाबतीत आकडे मांडून पाहू. समजा प्रयोगशाळेत महिना 17,000 रुपये आणि खरेदीत महिना 22,000 रुपये अधिक पेट्रोल, असं बोलणं झालं. नुसता महिन्याचा आकडा पाहिला तर खरेदी पाच हजारांनी वरचढ. पण खरेदीची नेमणूक 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल अशी सहा महिन्यांची असेल तर वर्षात हातात येणारे 1,32,000, आणि प्रयोगशाळेचे बारा महिन्यांचे 2,04,000. शिवाय उन्हाळ्यात दुसरं काम शोधायची पाळी येते. खरेदीची नेमणूक बारमाही असेल आणि उन्हाळ्यात गिरणीतल्या गोदामाचं, गाठींच्या साठ्याचं काम देणार असतील, तर हिशेब उलटतो आणि खरेदीच चांगली ठरते. त्या कामात कापसाची पारख शिकायला मिळते, आणि चांगल्या कॉटन सिलेक्टरला पुढे जिनिंगवाले आणि व्यापारी शोधत येतात. म्हणजे तेच पद, पण एका शब्दाने त्याचं मोल बदललं. तो शब्द मुलाखतीत कोणी आपण होऊन सांगत नाही, तू विचारायचा असतो.

कंत्राटदाराचंही तसंच. एका कंपनीत मुलाखत दिली म्हणजे दोन्ही पदं त्याच कंपनीची असतील असं नाही. कारखान्याच्या आवारात, कारखान्याच्याच साहेबाच्या हाताखाली, पण कंत्राटदाराच्या हजेरीपटावर काम करणारे पुष्कळ असतात. त्यात बेकायदा काही नाही, कायद्यात कंत्राटी कामगारांची तरतूद आहे. पण तुझा मालक कोण, हे त्यावरून ठरतं. कंत्राट संपलं की तुझी जागाही संपू शकते. ओळखायचं कसं? नेमणुकीच्या पत्राच्या माथ्यावर कोणाचं नाव आहे ते पाहा. मेल कंपनीच्या पत्त्यावरून आला की कोणा एजन्सीच्या, ते पाहा. पुढे पीएफ सुरू झाल्यावर पासबुकात आस्थापनेचं नाव दिसतं, तिथं सगळं स्पष्ट होतं, पण तोवर उशीर झालेला असतो.

तिसरा प्रकार शिकाऊ उमेदवाराचा. दोन पदांपैकी एक खरी नोकरी आणि दुसरं अॅप्रेंटिसशिप, असं फार वेळा घडतं, आणि दोन्हीला बोलताना ‘जॉइनिंग’ हाच शब्द वापरला जातो. 1961च्या अॅप्रेंटिस कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्याला विद्यावेतन मिळतं, आणि मुदत संपल्यावर कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं. शिकण्यासाठी ते चांगलं आहे, नव्या पोराने घ्यायलाही हरकत नाही, पण नोकरी समजून घेऊ नये. ओळख अशी की त्यात कराराची, पोर्टलवर नोंदणीची आणि एका वर्षाच्या किंवा ठराविक मुदतीची भाषा असते.

उत्तर काय येईल? भाच्याला दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला : तुमचं दोन्हीकडे चांगलं झालंय, मॅनेजमेंट ठरवेल. याचा अर्थ दोन्ही कागद उघडे आहेत आणि दोन प्रमुखांमध्ये अजून ठरलेलं नाही. हे चांगलं उत्तर आहे. पण हंगामी की कायम, यावर त्या काही बोलल्या नाहीत. फोनवर आलेलं उत्तर लगेच लिहून ठेवावं आणि त्याच मेलखाली एक ओळ टाकावी : ‘आपल्या फोनप्रमाणे दोन्ही पदांसाठी विचार चालू आहे, हे समजले. नेमणुकीच्या स्वरूपाबद्दल कळवावे, ही विनंती.’ ती ओळ मॅडमना आठवण म्हणून पुरते, आणि पुढे कोणी म्हणालं की तुम्ही तर फक्त खरेदीसाठी आला होता, तर ती तुझ्याजवळ राहते.

दुसऱ्या प्रकारचं उत्तर असं येतं : लॅबची जागा भरली, खरेदीसाठी तुमचं नाव आहे. हे ऐकून नाराज वाटतं, पण आता तुझं काम सोपं झालं. फक्त खरेदीच्या अटींवर बोलायचं. तिसरं उत्तर म्हणजे शांतता. आठवडाभर काहीच आलं नाही तर एकदा फोन करायचा, सकाळी अकरानंतर, कारण आधीचा वेळ हजेरी आणि गेटच्या कामात जातो. त्यानंतरही उत्तर नाही आलं तर आणखी एक मेल, आणि मग आपला शोध पुढे चालू ठेवायचा. रोज फोन करणाऱ्या उमेदवाराचा नंबर एचआर उचलायचं बंद करतं, हे मी पाहिलेलं आहे.

हातात दुसरी नोकरी येऊन पडली असेल तर तेही सांगावं, पण धमकीसारखं नको. समजा वर्ध्याच्या एखाद्या ठिकाणाहून पत्र आलं आणि त्यांना 25 तारखेपर्यंत उत्तर हवं आहे. मग लिहायचं : ‘मला दुसरीकडे 25 सप्टेंबरपर्यंत उत्तर द्यायचे आहे. आपल्याकडे कोणत्या पदासाठी विचार चालू आहे हे त्याआधी कळले तर मला ठरवता येईल.’ तारीख खरी असली तरच लिही. खोटी तारीख लिहिली आणि ती उलटून गेल्यावरही तू उपलब्धच दिसलास, तर तुझ्या पुढच्या शब्दालाही किंमत राहत नाही.

सगळ्यात सांभाळायची वेळ म्हणजे अचानक येणारा तो फोन : ‘तुमचं सिलेक्शन झालंय, सोमवारी कागदपत्रं घेऊन या.’ आनंदाच्या भरात माणूस ‘येतो’ म्हणतो आणि फोन ठेवतो. माझ्या माहितीतला देवळीकडचा एक मुलगा असाच सोमवारी गेला. त्याची मुलाखत मेंटेनन्स आणि स्टोअर या दोन्ही जागांसाठी झाली होती. त्याने जुनी नोकरी शनिवारीच सोडली होती. गेटवर कळलं की जागा स्टोअरची आहे, आणि तीही कंत्राटदाराकडून. त्या कारखान्याने त्याला फसवलं असं नाही, त्यांनी फोनवर कोणतंच पद सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. म्हणून असा फोन आला की तिथल्या तिथं तीन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या पदासाठी, नेमणूकपत्र कोणाच्या नावाचं, आणि ते मेलवर आधी मिळेल का. पत्र हातात आल्याशिवाय चालू नोकरीचा राजीनामा देऊ नये. यात मी कोणालाही सूट देत नाही, ओळखीच्या साहेबाने शब्द दिला असेल तरीही.

पत्र आलं की पदाचं नाव आपल्या वहीतल्या रकान्याशी ताडून पाहा. ‘ट्रेनी’ एवढंच लिहिलं असेल तर खातं कोणतं ते विचार, कारण ट्रेनी म्हणून घेतलेल्या माणसाला कुठेही बसवता येतं. विभाग, कामाचं ठिकाण, हाताखाली कोणाच्या, नेमणुकीची तारीख आणि असल्यास शेवटची तारीख, परिवीक्षेचा काळ, हे पाहा. बहुतेक पत्रांत एक ओळ असते की कंपनी गरजेप्रमाणे दुसऱ्या विभागात बदली करू शकते. ती ओळ सगळीकडे असते, तिला घाबरू नकोस. पण दोन पदांची मुलाखत झालेल्या माणसाच्या बाबतीत ती लवकर वापरली जाऊ शकते, म्हणून रुजू होण्याआधी एवढं विचारून ठेव की हंगामात प्रयोगशाळेतून खरेदीला पाठवलं तर फिरतीचा भत्ता मिळेल का. उत्तर मेलवर घे.

भाच्याला हे सगळं सांगून झालं तेव्हा तो म्हणाला, मामा, एवढं विचारलं तर ते म्हणतील हा पोरगा फार कायदे शिकवतो. तसं होत नाही. पर्सनल खात्यात बसलेल्या माणसाला नीट, थोडक्यात आणि वेळेवर विचारणारा उमेदवार बरा वाटतो, कारण रुजू होऊन आठ दिवसांत भांडून जाणारा माणूस त्याच्याच डोक्याला ताप असतो. एक जागा पुन्हा भरायची म्हणजे पुन्हा मागणीपत्र, पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखती. आणि नीट विचारल्यावरही एखाद्या कंपनीने कोणतं पद ते सांगायचं टाळलं, पत्र न देता रुजू व्हायला लावलं, तर तिथं न गेलेलं बरं.

तुमच्यापैकी ज्यांच्या अशा दोन मुलाखती झाल्या आहेत आणि अजून कोणत्या जागेसाठी ते माहीत नाही, त्यांनी आजच मेल लिहावा. दोन्ही पदांची नावं विषयाच्या ओळीत घालावीत, आणि मेल एचआरलाच पाठवावा.